काकांच्या चपलेची एक फेरी: प्रकल्प नोंदी

१२ जून

निपाणीच्या काकांनी पाठवलेला चपलेचा जोड आज हातात आला. नवा कोरा, अजून तेलाचा वास येतोय. कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे, चार महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले, त्यात आपला बेळगाव जिल्हाही येतो. पण गिऱ्हाइकाला निपाणी-अथणीची नावं आठवत नाहीत. म्हणून काकांना आपला माल आपल्या नावाने दाखवायचा आहे. त्यांचं मागणं साधं: चपलेने सावकाश स्वतःभोवती एक फेरी मारायची, वेणी, कान, अंगठा, गोंडा सगळं दिसायला हवं, आणि क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता आली पाहिजे. त्यांची मुलगी वेबसाइट बनवतेय, तिलाही हीच फेरी हवी आहे.

फोटोंवरून मॉडेल आधीच तयार होतं. आज ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कातड्याचा रंग आणि प्रकाश बसवला. मागची भिंत गडद तपकिरी ठेवली, डावीकडून उजवीकडे किंचित उजळत जाणारी. चित्र १९२० बाय १०८०, फ्रेम २५०, एका फ्रेमला तीन मिनिटं. म्हणजे साडेबारा तास. शेवटी द्यायची आहे ती व्हिडिओ फाइलच, म्हणून आउटपुट थेट एमपीफोर निवडलं आणि रात्री दहाला रेंडर, म्हणजे मॉडेलवरून एकेक फ्रेम काढायचं काम, लावून झोपले.

१३ जून

पहाटेपासून पाऊस. साडेसहाला करंट गेला. यूपीएसने दहा मिनिटं तग धरला, मग मशीन बंद. तोपर्यंत १७०च्या वर फ्रेम झाल्या होत्या.

फोल्डरमध्ये एमपीफोर फाइल होती, तिला वजनही होतं, पण एकही प्लेअर ती उघडेना. व्हिडिओ फाइल तपासणाऱ्या `ffprobe`ने एका ओळीत कारण सांगितलं: `moov atom not found`. एमपीफोरमध्ये चित्रांचा डेटा एकीकडे असतो आणि कोणती फ्रेम कुठे सुरू होते, किती वेळ दाखवायची याची अनुक्रमणिका दुसरीकडे. त्या अनुक्रमणिकेचं नाव `moov`, आणि ती लिहिली जाते सगळ्यात शेवटी, रेंडर पूर्ण झाल्यावर. करंट मधेच गेला की डेटा पडून राहतो, पण तो वाचायचा कसा हे फाइलला सांगता येत नाही.

एमपीफोरऐवजी मॅट्रोस्का हा फाइलचा प्रकार वापरला असता तर तुटल्या जागेपर्यंतचा व्हिडिओ बहुधा वाचता आला असता. पण त्यानेही माझं काम भागलं नसतं. पुढच्या ऐंशीएक फ्रेम त्याच फाइलला जोडता येत नाहीत, आणि मधल्या एखाद्या फ्रेममध्ये गोंडा पट्ट्यात घुसलेला दिसला तर तेवढीच फ्रेम बदलता येत नाही. साडेआठ तासांचं रेंडर गेलं. आमच्या भागात पावसाळ्याचे चार महिने हे होणारच, तेव्हा रेंडर थेट व्हिडिओत करायचं नाही हे आज पक्कं केलं.

१४ जून

आता प्रत्येक फ्रेम वेगळ्या फाइलीत, सध्या आठ बिटांची पीएनजी. सोबत फ्रेमची संख्याही बदलली: २५० ऐवजी २१६, सेकंदाला २४ या वेगाने. फेरी बरोबर नऊ सेकंदांची होते. २१६ला ३६ने आणि ७२नेही भाग जातो. वेबसाइटसाठी दर दहा अंशांचं एक चित्र लागलं तर दर सहावी फ्रेम उचलली की झालं.

फेरी जिथे संपते तिथे नेहमी एक चूक होते, म्हणून इथे लिहून ठेवते. पहिल्या फ्रेमला ० अंश आणि २१६व्या फ्रेमला ३६० अंश अशा कळी, म्हणजे कीफ्रेम, लावल्या तर ही दोन्ही चित्रं एकच असतात. क्लिप पुन्हा पुन्हा चालवली की चप्पल दर फेरीला क्षणभर अडखळते. ३६० अंशांची कळ २१७व्या फ्रेमला लावायची आणि रेंडर १ ते २१६ एवढंच करायचं. दोन कळींमधली गतीही सरळ रेषेची हवी, नाहीतर सुरुवातीला आणि शेवटी चप्पल मंदावते.

आतेभावाने त्याचा लॅपटॉप आणून दिला. तो उद्यमबागेत सीएनसीवर असतो, रात्री त्याला लॅपटॉप लागत नाही. आउटपुटच्या पॅनेलमध्ये `Overwrite` बंद आणि `Placeholders` चालू केलं, आणि दोन्ही मशीनना एकच सामायिक फोल्डर दिला. एखादी फ्रेम सुरू करताना मशीन तिच्या नावाची रिकामी फाइल आधी टाकतं, म्हणजे दुसरं मशीन ती सोडून पुढची घेतं. दोन्हीकडे ब्लेंडरची आवृत्ती एकच आहे हे आधी पाहिलं. आवृत्ती वेगळी असली तर फ्रेमागणिक फरक पडून चित्र लुकलुकायची भीती असते. लॅपटॉपला एका फ्रेमला पाच मिनिटं लागतात. म्हणजे पंधरा मिनिटांत माझ्या पाच आणि त्याच्या तीन अशा आठ फ्रेम. २१६ फ्रेम पावणेसात तासांत व्हायला हव्यात.

१५ जून

रात्री दोनदा करंट गेला आणि आला. सकाळी दोन्ही मशीन पुन्हा लावली, झालेल्या फ्रेम सोडून काम पुढे गेलं, दुपारपर्यंत सगळ्या २१६ फाइली तयार. पण क्लिप जोडून पाहिली तर ८८व्या फ्रेमला काळा झटका.

करंट गेला तेव्हा ८८ क्रमांकाची रिकामी फाइल टाकून झाली होती, चित्र झालं नव्हतं. मशीन पुन्हा चालू झालं, त्याने पाहिलं की या नावाची फाइल आहे, आणि ती सोडून दिली. म्हणजे काल ज्या सोयीचा फायदा घेतला तीच खड्डाही ठेवून जाते. आता रेंडर पुन्हा लावण्याआधी फाइली वजनाप्रमाणे लावून बघते. शून्य बाइटच्या उडवायच्याच, आणि शेजारच्या फ्रेमपेक्षा अचानक हलकी असलेली फाइलही उघडून बघायची, ती अर्धवट लिहिलेली असू शकते. शून्यवाल्यांसाठी ही ओळ पुरते:

```
find . -name "*.png" -size 0 -delete
```

१६ जून

फेरी सुरळीत फिरतेय, पण मागच्या भिंतीवर उभे पट्टे दिसतात. आतेभाऊ चहा घ्यायला आला, बघितल्या बघितल्या म्हणाला, “अक्का, भिंतीला ओल आली काय गं?”

आधी पट्टे खरोखर फाइलमध्ये आहेत की माझ्या स्क्रीनवर, हे तपासायला हवं होतं. स्वस्त मॉनिटर स्वतःच पट्टे पाडतात. ब्लेंडरच्या इमेज एडिटरमध्ये भिंतीवर माउस दाबून डावीकडून उजवीकडे नेला आणि खालचे आकडे वाचत गेले. बराच वेळ आकडा तोच, मग एकदम एकाने वाढला, पुन्हा बराच वेळ तोच. पट्टे फाइलमध्येच आहेत. आकडा हळूहळू वाढत असूनही डोळ्याला पट्टे दिसले असते तर दोष मॉनिटरचा ठरला असता.

हिशेब सोपा आहे. आठ बिटांत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. माझ्या भिंतीचा लाल रंग डाव्या टोकाला २६ आणि उजव्या टोकाला ४१ आहे. संपूर्ण भिंतीला मिळाल्या फक्त पंधरा पायऱ्या, आणि १९२० पिक्सेलमध्ये पंधरा पायऱ्या म्हणजे एकेक पायरी १२८ पिक्सेल रुंद. इतक्या रुंद पट्ट्याची कड डोळ्याला सापडतेच, अंधाऱ्या भागात तर लगेच. व्हिडिओत गोष्ट आणखी तंग होते, कारण तिथे काळा ० ऐवजी १६वर आणि पांढरा २५५ ऐवजी २३५वर धरायचा रिवाज आहे. पंधराच्या तेराच पायऱ्या उरतात.

दहा बिटांत हेच अंतर साठेक पायऱ्यांत जातं, एक पायरी ३२ पिक्सेलची, आणि दोन शेजारच्या पायऱ्यांतला फरक चौथ्या हिश्शावर येतो. सोळा बिटांत तर प्रश्नच राहत नाही. मग सोळा बिटांची पीएनजी करून मोकळं व्हावं असं वाटलं. पण थांबले. काकांच्या गिऱ्हाइकाकडे जाणार आहे तो एच.२६४ या पद्धतीने दाबलेला आठ बिटांचाच व्हिडिओ. दहा बिटांचा एच.२६४ पुष्कळ फोनचं हार्डवेअर उलगडू शकत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ पाठवताना स्वतःच पुन्हा दाबतं. रेंडर कितीही बिटांचं असलं तरी शेवटच्या पायरीवर ते आठ बिटांत उतरणार. तिथे कसं उतरवायचं, हा खरा प्रश्न आहे.

त्याला एक उपाय म्हणजे डिथर. आठ बिटांत उतरवताना प्रत्येक पिक्सेलला अगदी बारीक, एका पायरीएवढा खडबडीतपणा द्यायचा, म्हणजे पट्ट्याची सरळ कड विस्कटते आणि डोळा तिला पकडत नाही. ब्लेंडरमध्ये `Dither` म्हणून आकडा असतो. माझ्या जुन्या फाइलमध्ये तो ० राहिला होता. १ केल्यावर पीएनजीतले पट्टे गेले. त्याच पीएनजींचा एफएफएमपेग या व्हिडिओ बनवायच्या साधनातून नेहमीच्या `-crf 23`ला व्हिडिओ केला, पट्टे परत आले. हा आकडा जितका लहान तितका व्हिडिओ कमी दाबला जातो. एन्कोडरला अंधारातला तो एका पायरीचा खडबडीतपणा फेकून देण्याजोगा वाटतो, आणि तो त्याचं काम चोख करतो. `-crf 16`ला बरंच सुधारलं, पण व्हॉट्सअ‍ॅपमधून गेल्यावर पुन्हा तेच.

१७ जून

उत्तर बिटांत सापडलं नाही, भिंतीत सापडलं. काका ज्या दगडावर कातडं ठोकतात त्याचा फोटो माझ्याकडे होता. भिंत काढून त्या दगडाचाच पोत मागे लावला. खडबडीत पृष्ठभागावर शेजारचे दोन पिक्सेल मुळातच पाच-दहा पायऱ्यांनी वेगळे असतात, त्यामुळे पट्टा तयार व्हायला सपाट जागाच उरत नाही. `-crf 20`लाही स्वच्छ, व्हॉट्सअ‍ॅपमधून जाऊन आल्यावरही स्वच्छ. शिवाय चपलेमागे ती जिथे घडते तो दगड दिसतो, हे मला मनापासून आवडलं. आठ बिटांच्या व्हिडिओत गुळगुळीत गडद छटा ठेवायच्याच नाहीत, यापुढे देखावा मांडतानाच हे लक्षात ठेवीन.

मागचा देखावा बदलला म्हणजे सगळं पुन्हा रेंडर करणं आलंच. यावेळी पीएनजी नाही, ईएक्सआर. कारण रंगाचं मला अजून समाधान नाही. पीएनजीत ब्लेंडर प्रकाशाचे आकडे स्क्रीनसाठी बदलून, भाजून ठेवतो. एकदा भाजलेलं परत कच्चं होत नाही. ईएक्सआरमध्ये प्रकाश जसा मोजला तसाच राहतो, एका सरळ मापात: दुप्पट उजेड तर दुप्पट आकडा, आणि एकच्या वरचे आकडेसुद्धा कापले न जाता. तेल लावलेल्या पट्ट्यावरची चमक एकच्या खूप वर जाते, म्हणून हे महत्त्वाचं.

ईएक्सआरमध्ये `Float (Half)` निवडलं, म्हणजे सोळा बिट. बत्तीस बिटांचा मोह टाळला. सोळा बिटांच्या या दशांश आकड्यात उजेडाच्या प्रत्येक दुपटीला १०२४ पायऱ्या मिळतात, रंगासाठी ते भरपूर झालं. बत्तीस बिट लागतात ते खोलीचा नकाशा किंवा वस्तू वेगळ्या काढायचे मुखवटे साठवायचे असतील तेव्हा. इथे तसं काही नाही. दाबण्यासाठी `ZIP`, त्यात काहीही गमावलं जात नाही. अशी एक फ्रेम काहीही न दाबता १२.४ एमबीची होते, माझ्याकडे दाबून सरासरी सातची येतेय. सगळी फेरी दीड जीबीत बसली. चपलेच्या एका जोडाला एवढी जागा मी आनंदाने देईन.

१९ जून

ईएक्सआर क्रम तयार. शून्य बाइटची तपासणी करून घेतली, यावेळी तीन फाइली सापडल्या.

आज चप्पल टेबलावर, शेजारी स्क्रीन, आणि दोन्हीकडे आळीपाळीने बघत बसले. खरं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, मधाकडे झुकणारा तपकिरी रंग. स्क्रीनवर तेच कातडं धुरकट, थोडं राखी. मॉडेलमधला रंग चुकलेला नव्हता. ब्लेंडर तो स्क्रीनवर आणताना `AgX`मधून नेत होता. खूप उजेडातले तीव्र रंग भडक होऊन फुटू नयेत म्हणून हे रूपांतर त्यांची तीव्रता मुद्दाम उतरवतं. निसर्गदृश्याला, आगीला, दिव्यांना ते छान. पण विकायच्या मालाचा रंग गिऱ्हाइकाने बघून मागवायचा असेल तर त्याने घात होतो. `Standard` केलं तर कातडं टेबलावरच्या चपलेसारखं आलं, पण अंगठ्याजवळची चमक पांढरीफटक फुटली. एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपने खाली घेतलं, चमक सावरली, कातडं किंचित गडद झालं, तेही खऱ्याच्या जवळच होतं.

या सगळ्याला दहा मिनिटं लागली. पीएनजी केली असती तर प्रत्येक वेळी सगळी फेरी नव्याने रेंडर करावी लागली असती.

एक गोष्ट आतेभावाने करून बघितली, ती नोंदवते. त्याने ईएक्सआर सरळ एफएफएमपेगला दिल्या. चप्पल जवळजवळ काळी. एफएफएमपेगला ब्लेंडरची रूपांतरं माहीत नाहीत. सरळ मापातला मधला राखाडी रंग ०.१८ असतो, तो आहे तसा आठ बिटांत घेतला की ४६ होतो, स्क्रीनवर खरं तर तो ११८च्या आसपास हवा. म्हणून मधे एक पायरी हवीच: ईएक्सआर ब्लेंडरच्या व्हिडिओ सीक्वेन्सरमध्ये `Linear Rec.709` म्हणून घ्यायच्या, `Standard` आणि ठरवलेलं एक्स्पोजर लावायचं, आणि सोळा बिटांच्या पीएनजी काढायच्या. ईएक्सआर हे मूळ, आणि पीएनजी हे त्या मुळावरून घेतलेले ठसे. ठसे पुसले तरी चालतील.

२१ जून

पीएनजींचा व्हिडिओ केला आणि काकांना पाठवला. अर्ध्या तासात फोन.

“पोरी, चप्पल लई झ्याक दिसतीया. पण ह्यो गोंडा आमचा न्हाई.”

“का हो काका?”

“आमचा गोंडा लाल हाय. ह्यो शेंदरी झालाय.”

मी माझ्या पीएनजी बघितल्या, लाल. व्हिडिओ फोनवर बघितला, काकांचं बरोबर होतं. गोंडा शेंदराकडे गेला होता. लक्ष दिल्यावर कातडंही थोडं जास्त पिवळट वाटलं.

व्हिडिओ लाल-हिरवा-निळा असा साठवला जात नाही. एक आकडा उजेडाचा आणि दोन रंगाचे, असं त्याचं रूपांतर होतं, आणि त्या रूपांतराची गणितं दोन आहेत: जुन्या टीव्हीच्या काळातलं बीटी.६०१ आणि एचडीसाठीचं बीटी.७०९. काही सांगितलं नाही तर माझ्याकडचा एफएफएमपेग पीएनजीवरून जाताना ६०१ने करतो. प्लेअर १०८० ओळींचा व्हिडिओ बघतो आणि फाइलवर कोणतं गणित वापरलं याचा शिक्का नसेल तर ७०९ समजून उलगडतो. एका किल्लीने लावलेलं कुलूप दुसऱ्या किल्लीने उघडण्यासारखं ते आहे, आणि वाईट म्हणजे ते उघडतं, फक्त रंग सरकतात.

किती सरकतात ते कागदावर करून पाहिलं. गोंड्याचा लाल माझ्या चित्रात २००, ३०, ४० आहे. ६०१ने उजेडाचा आकडा येतो ८२. रंगाचे दोन आकडे काढून ७०९ने परत आणले की गोंडा होतो २१५, ४७, ३८. लाल वाढला, हिरवा तीसचा सत्तेचाळीस झाला, आणि लालात हिरवा मिसळला की रंग शेंदराकडेच जातो. कातड्याचा १४०, ८४, ४६ हा रंग झाला १४५, ८७, ४४. फरक लहान, पण दिशा तीच. काकांच्या डोळ्याने हे फोनवर, पाच इंचांच्या स्क्रीनवर ओळखलं.

ही चूक शोधताना मी एकदा फसले, तेही लिहिते. व्हिडिओतून एफएफएमपेगनेच एक फ्रेम परत पीएनजी म्हणून काढली आणि आकडे वाचले. २००, ३०, ४०च्या अगदी जवळ! म्हणजे व्हिडिओ ठीक आहे असं वाटलं. पण शिक्का नसलेली फाइल एफएफएमपेग परत येतानाही ६०१नेच उलगडतो, दोन्ही वेळा तीच चूक, म्हणून हिशेब जुळतो. तपासणी करायची तर गिऱ्हाइकाच्या वाटेने करायची: फोनवर किंवा ब्राउझरमध्ये व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्यायचा आणि त्यातले आकडे वाचायचे.

दुरुस्तीत दोन गोष्टी सोबत कराव्या लागतात. गणित ७०९ने करायचं, आणि फाइलवर तसा शिक्काही मारायचा. नुसता शिक्का मारला आणि गणित ६०१चंच राहिलं तर चूक आणखी घट्ट होते.

```
ffmpeg -framerate 24 -i chappal_%04d.png \
 -vf "scale=out_color_matrix=bt709:out_range=tv,format=yuv420p" \
 -c:v libx264 -crf 18 -preset slow \
 -colorspace bt709 -color_primaries bt709 -color_trc bt709 \
 -movflags +faststart chappal.mp4
```

शेवटचं `faststart` ती `moov` अनुक्रमणिका काम झाल्यावर फाइलच्या सुरुवातीला आणून ठेवतं, म्हणजे वेबवर व्हिडिओ पूर्ण उतरायची वाट न बघता सुरू होतो. शिक्का बसला की नाही ते असं दिसतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries \
 stream=pix_fmt,color_range,color_space,color_transfer,color_primaries \
 -of default=nw=1 chappal.mp4
```

पहिल्या फाइलला इथे `unknown` येत होतं. आता `bt709` येतं, आणि फोनवरच्या स्क्रीनशॉटमध्ये गोंड्याच्या मधल्या भागाचे आकडे पुन्हा दोनशे-तीस-चाळीसच्या आसपास आहेत.

२४ जून

आज संकेश्वरमार्गे बसने निपाणीला गेले. काकांच्या दुकानात बाहेरच्या उजेडात खरी चप्पल धरली आणि शेजारी त्यांच्याच फोनवर नवी क्लिप. रापी बाजूला ठेवून त्यांनी फोन हातात घेतला, क्लिप तीनदा बघितली. “आता आमचा लाल,” म्हणाले. मग चौथ्यांदा बघून बोट ठेवलं ते वेणीवर. “हितं दोरा दिसंना.”

वेणीत लाल दोऱ्याची एक बारीक शिवण आहे, चित्रात जेमतेम दोन पिक्सेल जाडीची. व्हिडिओत ती तपकिरीत विरघळून जाते. `yuv420p` या साठवणीत उजेड प्रत्येक पिक्सेलचा असतो, पण रंग चार पिक्सेल मिळून एकच. कातडं आणि लाल दोरा यांचा उजेड जवळपास सारखा, फरक फक्त रंगाचा, आणि नेमका तोच चौघांत वाटला जातो. `yuv444p` केलं तर दोरा टिकतो, पण मग आतेभावाच्या फोनवर व्हिडिओ उघडला नाही. काकांना दोन्ही दाखवलं. शेवटी असं ठरलं की व्हॉट्सअ‍ॅपच्या क्लिपसाठी कॅमेरा थोडा जवळ घ्यायचा, म्हणजे दोरा चार-पाच पिक्सेल जाड होईल. गोंडा दिसतोय तितकं पुरे, मागचा दगड थोडा कापला गेला तरी चालेल. उद्या रात्री पुन्हा दोन्ही मशीन.

२८ जून

काकांच्या मुलीची वेबसाइट. तिला चप्पल बोटाने फिरवता यायला हवी: बोट डावीकडे सरकलं की चप्पल डावीकडे, उलट सरकलं की उलट. तिने आपला तोच व्हिडिओ लावून बघितला. पुढे नेताना ठीक, मागे नेताना चप्पल अडकते आणि मग एकदम उडी मारते.

कारण व्हिडिओत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र नसते. एखादीच फ्रेम पूर्ण, बाकीच्या म्हणजे आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं याच्या नोंदी. `libx264` हा एच.२६४चा एन्कोडर स्वतःहून जास्तीत जास्त २५० फ्रेमनंतर एक पूर्ण फ्रेम ठेवतो, किंवा दृश्य एकदम बदललं तर. आमची फेरी २१६ फ्रेमची आणि दृश्य कुठेच तुटत नाही. तपासलं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -skip_frame nokey \
 -show_entries frame=pts_time -of csv=p=0 chappal.mp4
```

उत्तरात एकच ओळ, `0.000000`. सगळ्या फेरीत एकच पूर्ण फ्रेम. २००व्या फ्रेमवरून १९९वर यायचं तर फोनला पहिल्यापासून १९९ फ्रेम पुन्हा उलगडाव्या लागतात. `-g 1` दिलं की प्रत्येक फ्रेम पूर्ण होते आणि अडखळणं थांबतं, पण फाइल कितीतरी पटींनी फुगली, आणि दोऱ्याचा रंग तरीही अर्धवटच.

म्हणून तिला चित्रंच दिली. नव्या पीएनजींतून १, ७, १३ अशा दर सहाव्या फ्रेम, शेवटची २११. एकूण ३६ चित्रं, दर दहा अंशांना एक. १२०० पिक्सेल रुंद जेपेग, रंगाची वाटणी न करता म्हणजे ४:४:४मध्ये, प्रत्येकी सव्वाशे केबीच्या आत. सगळं मिळून साडेचार एमबीपेक्षा कमी, आणि पहिलं चित्र लगेच दिसतं, बाकीची मागून येत राहतात. सुट्ट्या चित्रांत ६०१ की ७०९ हा वादही नाही: जेपेगचं गणित एकच ठरलेलं आहे, सगळे ब्राउझर ते पाळतात, आणि रंग एसआरजीबीतला. दगडाचा पोत असल्यामुळे आठ बिटांतही पट्टे नाहीत.

तिने दुपारी लावून दाखवलं. बोटाने चप्पल मागे-पुढे फिरली, वेणीजवळ थांबवली, चिमटीने मोठी केली. लाल दोरा टाक्याटाक्याने मोजता येत होता.

३० जून

ईएक्सआरचा फोल्डर दोन डिस्कवर ठेवला, एक माझ्याकडे, एक काकांच्या मुलीकडे. सोबत एका साध्या मजकूर फाइलीत लिहिलं: सरळ माप, `Linear Rec.709`, सोळा बिट हाफ, दाखवताना `Standard`, एक्स्पोजर उणे ०.५, २१६ फ्रेम, सेकंदाला २४. पुढच्या वर्षी कुणी दुसऱ्याने हा फोल्डर उघडला तर फाइलीच्या नावावरून यातलं काही कळणार नाही. मधल्या पीएनजी पुसल्या. काकांनी दुसरा जोड पाठवलाय, बायकांचा, पिवळ्या गोंड्याचा, तो उद्यापासून.